विजयदुर्ग १७५६ : भिंतीवर कालपट करतोय, पण नुसती सनावळी होतेय

पडाव (शनिवार, रात्री ९.४०)

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या एका भिंतीला यंदा नवा गिलावा झाला. बारा फूट लांब, चार फूट उंच अशी जागा मला दिली आहे. विषय मीच सुचवला, आंगऱ्यांचं आरमार आणि विजयदुर्गाचा पाडाव. रंगानेच काढायचंय. फ्लेक्स आमच्याकडे दोन पावसाळे काढत नाही.

पहिला मसुदा असा झाला:

१७१३ कान्होजी आंगरे आणि बाळाजी विश्वनाथ यांचा तह
१७२९ कान्होजींचा मृत्यू
१७३३ सेखोजींचा मृत्यू
१७३५ मानाजी आणि संभाजी यांच्यात दौलतीची वाटणी
१७३९ चिमाजी अप्पांनी वसई घेतली
१७४० संभाजी आंगऱ्यांचा कुलाब्यावर हल्ला
१७४९ शाहू महाराजांचं निधन
१७५५ मार्च, पेशवे आणि इंग्रज यांचा करार
१७५५ एप्रिल, सुवर्णदुर्ग पडला
१७५६ फेब्रुवारी, विजयदुर्ग पडला
१७५७ प्लासी

भाची सातवीत आहे. तिने वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "मामा, सगळे मेले म्हणून किल्ला पडला?"

तारखा चुकलेल्या नाहीत, पण तिला जे वाटलं तेच कोणालाही वाटेल. मग बाण काढून बघितले. सत्तावीस झाले. कागदाचं शिरवाळ्यांचं ताट झालं. एकातून दुसरं कसं निघालं ते दिसायला हवं, आणि वाचताही यायला हवं. कसं करू?

सुरंगी (शनिवार, रात्री १०.०५)

अरे सोप्पं आहे. तयार नमुने मिळतात, नागमोडी रस्ता आणि प्रत्येक वळणावर एक सन. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी तोच वापरला होता, सगळ्यांना आवडला. व्यनि करते.

पडाव (शनिवार, रात्री १०.१२)

ताई, मनापासून आभार, पण माझं अडलंय ते दुसरीकडेच. रस्ता नागमोडी केला तरी त्यावर मैलाचे दगडच राहणार. दुसरा दगड पहिल्यामुळे आला की नुसता पहिल्यानंतर, हे कसं दाखवायचं ते विचारतोय.

अर्जुनेकाठचा (रविवार, सकाळी ६.५०)

राजापूरला आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यातली पहिली दहा वर्षं तरी मुलांकडून अशीच सनावळी घोकून घेतली, त्यामुळे तुमचा मसुदा बघून जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

तुम्ही १७१३ पासून निघालात तिथेच गाडी घसरली. पुढे जाताना प्रत्येक गोष्ट पुढच्या प्रत्येक गोष्टीचं कारण वाटते. सत्तावीस बाण त्यातूनच आले. शेवटाकडून मागे या.

त्यासाठी आधी शेवटची चौकट नेमकी लिहायला हवी. "मराठ्यांचं आरमार बुडालं" असं लिहिणार असाल तर लिहू नका. विजयदुर्गावरच पुढे पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. आनंदराव धुळपांच्या आरमाराने १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज धरून तिथेच आणलं. कुलाब्याचे आंगरे तर त्याहूनही पुढे टिकले. न घडलेल्या गोष्टीची कारणं शोधत बसलो तर हवी तितकी सापडतात. तुमचा प्रश्न एवढाच ठेवा: फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंगऱ्यांच्या ताब्यातला विजयदुर्ग इंग्रजांना कसा घेता आला?

आता १२ फेब्रुवारीच्या दिवशी वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी मनाने उभे राहा. तिथे काय काय हजर होतं? समुद्राकडे ॲडमिरल वॉटसनची मोठी लढाऊ जहाजं आणि त्यांच्यावर क्लाइव्हचं पायदळ. जमिनीकडे रामाजी महादेवांच्या हाताखाली पेशव्यांची फौज. आणि आत तुळाजींची माणसं, ज्यांच्या मदतीला ना कुलाबा येणार होता ना सातारा.

तीनपैकी एक गोष्ट मनातल्या मनात पुसून बघा. जहाजं नसती तर रामाजीपंतांचा वेढा रेंगाळला असता, कारण खाडी उघडी राहिली असती आणि पाण्याने रसद येत राहिली असती. जमिनीवर फौज नसती तर तुळाजी बोलणी करायला किल्ल्याबाहेर गेलेच नसते. कुलाबा त्यांच्या बाजूने असता तर मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजांच्या पाठीवर अलिबागचं आरमार राहिलं असतं. म्हणजे तिन्ही धागे लागतातच. आता एकेक धागा धरून मागे जा. वसईचा विजय थोर आहे, पण या तिन्ही धाग्यांपैकी एकाचीही गाठ तो बांधत नाही. तो या भिंतीवरून जाईल.

कट्टर_कोकणी (रविवार, सकाळी ९.२०)

सर, एवढं लांबण कशाला? एकच बाण पुरतो. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि आपल्याच माणसाचं आरमार जाळलं. शिवाजी महाराजांनी उभं केलेलं आरमार पुण्याने बुडवलं हे भिंतीवर ठणकावून लिहा. आणि प्लासीचा बाण पुसू नका हां. तेच वॉटसन, तोच क्लाइव्ह, तीच जहाजं. विजयदुर्ग पडला म्हणून बंगाल गेला.

अर्जुनेकाठचा (रविवार, सकाळी ११.१५)

कट्टरभाऊ, पहिल्या बाणात तुमचं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं मी सोडणार नाही. मार्च १७५५ चा करार नसता तर एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गावर आला नसता. तो बाण जाड काढायचा.

पण करार झाला म्हणून किल्ला पडला एवढ्यावर थांबलो तर भाचीचा पुढचा प्रश्न येणारच: करार १७५५ लाच का? दहा वर्षं आधी का नाही? तुळाजी तेव्हाही होते, इंग्रज तेव्हाही मुंबईत होते. तिथे मागच्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. १७३५ च्या वाटणीत मानाजींकडे कुलाबा गेला आणि संभाजींकडे सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आणि दक्षिणेचे किल्ले. एका आरमाराची दोन झाली. हे दुखणं तसंच पडून राहिलं असतं, पण १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून गेले आणि मानाजींनी पेशव्यांना हाक मारली. तेव्हापासून कुलाबा पुण्याच्या बाजूला झुकला. संभाजींच्या मागे तुळाजी आले ते या अर्ध्या दौलतीवर. दुसरी गोष्ट शाहू महाराजांची. सरखेल हा छत्रपतींचा चाकर, पेशव्यांचा नव्हे. महाराज होते तोवर दोघांच्या डोक्यावर एक धनी होता. १५ डिसेंबर १७४९ नंतर तो राहिला नाही, पेशवे राज्याचा कारभार आपल्या हाती घेत गेले आणि तुळाजी त्यांना मानेनात.

म्हणजे तुमच्या यादीतला "शाहू महाराजांचं निधन" हा दिवस भाचीला वाटला तसा आणखी एक मृत्यू नाही. त्या दिवशी भांडण मिटवणारं घर बंद झालं. भिंतीवर मृत्यू लिहू नका, मृत्यूने काय बदललं ते लिहा.

प्लासीचं दुपारी सांगतो, जेवायला हाक आली.

दर्यावर्दी_हर्णै (रविवार, दुपारी १२.३०)

मी शिकलेला फार नाही, पण सुवर्णदुर्ग रोज बघतो. एक विचारतो. एप्रिलला सुवर्णदुर्ग घेतला आणि विजयदुर्ग एकदम फेब्रुवारीला? मधे दहा महिने काय करत होते? इथून विजयदुर्ग काही विलायतेत नाही.

मीच सांगतो. एप्रिल संपत आला की वारा फिरतो, दर्या फुगायला लागतो. आमचीपण बोट त्या सुमाराला बाहेर काढायची तयारी सुरू होते. आता सरकारची बंदी जून-जुलै अशी असते, पण दर्याची बंदी त्याच्या आधी लागते. तेव्हा तर शिडाची जहाजं. लाटा किनाऱ्याकडे ढकलत असताना किल्ल्याखाली नांगर टाकून कोण उभं राहील? म्हणून ते मुंबईला गेले असणार.

अर्जुनेकाठचा (रविवार, दुपारी ३.१०)

शाबास. मी शिकवताना ही मधली मोकळी जागा कधी बोलूनच दाखवली नव्हती. तसंच झालं होतं. रामाजीपंतांना पुढे रत्नागिरीकडे जायचं होतं, पण मुंबईकरांनी मोसम सरत आला म्हणून जेम्सला परत बोलावलं. तेव्हा पावसाळा हा सुद्धा एक पट्टा करा. यादीत फक्त घडलेल्या गोष्टी येतात. काय करता येत नव्हतं ते यादीत कधीच येत नाही, आणि इथे तर सगळी कथा त्यावरच फिरली.

कारण त्या थांबलेल्या महिन्यांतच क्लाइव्ह आला. तो विजयदुर्गासाठी आलाच नव्हता! मराठ्यांच्या मदतीने हैदराबादेतल्या फ्रेंच सरदार बुसीवर चालून जायचं म्हणून त्याला विलायतेहून सैन्य देऊन मुंबईला धाडलं होतं. तो एप्रिल १७५५ मध्ये निघाला, ऑक्टोबरात पोचला. आणि इकडे मद्रासेकडे इंग्रज-फ्रेंचांनी १७५४ च्या अखेरीस लढाई थांबवून तात्पुरता तह केला होता. तिथून विलायतेला बातमी जायची ती जहाजाने, सहा महिने धरा. क्लाइव्ह निघाला तेव्हा तो तह झालेला होता, पण त्याला धाडणाऱ्यांना ठाऊक नव्हता.

मुंबईला आला तर फ्रेंचांशी लढायची मुभा नाही. सैन्य रिकामं. नोव्हेंबरात वॉटसनचा काफिलाही येऊन दाखल झाला. समोर विजयदुर्ग, पेशव्यांशी करार झालेलाच, आणि पावसाळा संपलेला.

बाण काढताना हे ध्यानात ठेवा. एका ठिकाणची गोष्ट दुसऱ्या ठिकाणी परिणाम करते ती घडली त्या दिवशी नाही, बातमी पोचते त्या दिवशी. मद्रासच्या तहापासून क्लाइव्हच्या निघण्याकडे बाण काढलात तर तो साफ खोटा होईल, जरी तारखा ओळीने लागत असल्या तरी. त्या तहाचा खरा बाण क्लाइव्हच्या *पोचण्यानंतर* येऊन टेकतो.

राहिलं प्लासी. कट्टरभाऊ, विजयदुर्ग पडला नसता तर ती जहाजं मद्रासेला गेली नसती का? गेलीच असती, ती हिंदुस्थानात होतीच. जून १७५६ मध्ये कलकत्ता सिराजुद्दौल्याने घेतलं, ती खबर मद्रासला आली, म्हणून ती बंगालकडे निघाली. तीच माणसं दोन गोष्टींत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. आमच्या गावात एकच भटजी लग्नाला आणि बाराव्याला असतो.

कट्टर_कोकणी (रविवार, दुपारी ४.००)

भटजीला हसलो. प्लासी सोडली. पण मग क्लाइव्हचं येणं आणि पेशव्यांचा करार यांचा एकमेकांशी संबंध नाही म्हणता, तर शेवटी नशीबच झालं की. मग कारणं कसली दाखवताय?

कातळफूल (रविवार, सायंकाळी ६.४५)

मी कुडाळला चित्रकला शिकवते, भिंती बऱ्याच रंगवल्यात. कट्टरभाऊंचा प्रश्न मला चित्राचा वाटतो. दोन रेघा आपापल्या कारणाने आल्या आणि एका जागी भेटल्या. त्या भेटीला बाण काढायचाच नाही, गाठ काढायची. प्रत्येक रेघेला तिचं कारण आहे, भेट होण्याला मात्र पावसाळ्याने लांबवलेले महिने एवढंच निमित्त. पाहणाऱ्याला ते न सांगता कळतं, कारण गाठ पावसाळ्याच्या राखाडी पट्ट्याच्या लगेच पुढे पडते.

बाणांसाठी माझा एक नियम आहे, तो मुलांच्या चित्रांवरून सुचला. प्रत्येक बाणावर एक क्रियापद लिहायचं. "वाटणी झाली → आरमार दुभंगलं." "मानाजींनी बोलावलं → कुलाबा पुण्याकडे गेला." "मोसम सरला → जेम्स परतला." क्रियापद सुचलं नाही आणि हात नुसता "नंतर" लिहायला गेला, तर तो बाण पुसायचा. पडाव, तुमचे सत्तावीस बाण या चाळणीतून काढा. मला वाटतं दहाच्या आत येतील.

आता माप. ४३ वर्षं बारा फुटांत बसवायची म्हणजे वर्षाला तीन इंच धरले तर पावणेअकरा फूट. छान बसतं. पण मग मार्च १७५५ ते फेब्रुवारी १७५६ हे सगळं रामायण तीन इंचांत! आणि मधली १७४० ते ४९ सव्वादोन फूट रिकामी भिंत. म्हणून दोन ओळी करा. वर लांबची ओळ, वर्षाला तीन इंच. खाली जवळची ओळ, जानेवारी १७५५ ते ऑक्टोबर १७५६, बावीस महिने, महिन्याला सहा इंच, म्हणजे अकरा फूट. वरच्या ओळीच्या टोकापासून खालच्या ओळीच्या दोन्ही टोकांकडे दोन तिरक्या रेघा सोडा, भिंग धरल्यासारखं. मापं बदललीत हे मोठ्या अक्षरात लिहायला विसरू नका, नाहीतर मुलं खालचे सहा इंच दोन वर्षं समजतील.

वरची रिकामी जागा भरायचा मोह मात्र टाळा. तिथे काही झालं नाही असं नाही, पण या किल्ल्यापुरतं तिथे दुखणं नुसतं मुरत होतं. फिकट रंगाचा लांब पट्टा ओढा, "दोन आरमारं, दोन धनी". सगळीच कारणं टिंबासारखी एका दिवसाची नसतात.

वाचनमात्र (रविवार, रात्री ८.२०)

एरवी नुसता वाचतो, पण हे सांगावंसं वाटलं. सप्टेंबर १७५२ च्या आधीच्या इंग्रजी कागदांतल्या तारखा आजच्या पंचांगाहून अकरा दिवस मागे असतात. शिवाय त्यांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या गोष्टीवर कधी कधी मागच्या वर्षाचा आकडा दिसतो. मराठी कागदावरून काढलेली तारीख आणि इंग्रजी कागदावरची शेजारी मांडली तर परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसू शकतो. खालच्या ओळीला, १७५५ नंतर, ही भानगड नाही. वरच्या ओळीत वर्षाला तीन इंच असताना अकरा दिवस दिसणारही नाहीत, पण वर्षाचा आकडा तपासा.

हापूसवाडी (रविवार, रात्री ९.०५)

माका ह्यां सगळां वाचून माझाच आठावला. माझी कलमां हत. गेल्या वर्साक मोहर बरो इल्लो, मगे बारको आंबो गळाक लागलो. मी कॅलेंडरार लिवन ठेवलंय, ह्या तारखेक फवारणी, आठ दिसांनी गळ. म्हंजे औषदानच केल्यान ना? बाण सरळ हा.

कातळफूल (रविवार, रात्री ९.२५)

काका, बांधापलीकडची, न फवारलेली कलमां गळली की नाय?

हापूसवाडी (रविवार, रात्री ९.३१)

तीव गळली. त्या आठवड्यात दिवसाचो उनाळो आणि रातीची थंडी, दोनय चढत होती.

कातळफूल (रविवार, रात्री ९.३४)

मग तो बाण पुसा. कॅलेंडरवर फवारणी आणि गळ एवढंच लिहिलंत म्हणून तेवढंच दिसलं. दुसऱ्या ओळीत हवा लिहा.

हापूसवाडी (रविवार, रात्री ९.४०)

लिवतंय. पण दुकानदाराक मी बोल्लंय तां बोल्लंय, तां काय आता पुसाचा नाय.

पडाव (बुधवार, रात्री १०.३०)

तीन दिवस कागदावरच होतो. आता भाचीला दाखवून आलोय, म्हणून सांगतो.

सत्तावीसचे नऊ बाण उरले. वर पट्टे चार: आंगरे, पुणे-सातारा, मुंबईचे इंग्रज, आणि "दूरचं" म्हणून मद्रास-विलायत. पाचवा राखाडी पट्टा पावसाळ्याचा, तो फक्त खालच्या ओळीत. मद्रासच्या तहाला मी दोन टिंबं दिली, एक झाला तेव्हाचं आणि एक बातमी विलायतेला पोचली असेल तेव्हाचं, मधे तुटक रेघ. क्लाइव्हच्या निघण्याचं टिंब त्या दोघांच्या मधे पडतं. भाचीने ते बोटाने धरलं आणि म्हणाली, "म्हणजे ह्याला माहीतच नव्हतं!" एका टिंबाने जमलं नसतं हे.

शेवटच्या दिवसाला मी वेगळी मोठी चौकट दिली. तुळाजी रामाजीपंतांच्या छावणीत बोलणी करत होते. किल्ला बोलण्यातूनच पेशव्यांना मिळेल म्हणून इंग्रजांना घाई झाली, ही एक साखळी. १२ तारखेच्या माऱ्यात एक गोळा रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला. ते मूळ कंपनीचंच जहाज, तुळाजींनी पूर्वी धरलेलं. ते पेटलं, आणि बाकीची जहाजं त्याला लागून बांधलेली होती म्हणून आग सगळ्यांना लागली. त्या रात्री क्लाइव्हची माणसं किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधे उतरली आणि १३ ला इंग्रज आत शिरले. इथे सगळ्या बाणांना क्रियापदं आपोआप मिळाली: पडला, पेटला, पसरली, उतरले.

अडलं एका ठिकाणी. मार्च १७५५ च्या करारामागे काय लिहू? "तुळाजी पेशव्यांना मानेनात" असं एक मत. "पेशव्यांना दक्षिण कोकणचे किल्ले आणि मुलूख थेट आपल्या हाती हवे होते" असं दुसरं. आणि आमच्या गावातल्या एका आजोबांचं तिसरं, "तुळाजी उद्दाम होता".

अर्जुनेकाठचा (गुरुवार, सकाळी ७.००)

तिसरं आधी काढा. स्वभावाला तारीख नसते. तो १७४५ लाही तसाच असणार, मग १७५५ लाच का, याचं उत्तर तो देत नाही. आजोबांना राग येऊ नये म्हणून तुळाजींनी नेमकं काय केलं ते लिहा. त्यांनी इंग्रजांची आणि डचांची जहाजं धरली, पेशव्यांचा अंमल मानला नाही, या घडलेल्या गोष्टी आहेत.

पहिल्या दोन मतांबद्दल मी पहिल्याकडे झुकतो. महाराज गेल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता.

कट्टर_कोकणी (गुरुवार, सकाळी ८.४५)

मी दुसऱ्याकडे, आणि हटणार नाही. बघा की, ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांनी आपल्याकडे घेतला आणि बाणकोट इंग्रजांकडे कायम झाला. शेवटी कोणाच्या हाती काय पडलं त्यावरून हेतू कळतो.

अर्जुनेकाठचा (गुरुवार, सकाळी ९.३०)

नाही कळत. तो किल्ला परत मिळवायला पेशव्यांना आठ महिने भांडावं लागलं, कारण इंग्रज सोडेनात. जे पदरात पडलं तेच आधीपासून मनात होतं असं धरलं तर इंग्रजांच्याही मनात विजयदुर्ग परत देणं होतं म्हणावं लागेल. परिणामावरून मागे हेतू काढणं म्हणजे बाण उलटा काढणं.

कट्टर_कोकणी (गुरुवार, सकाळी ९.४१)

सर, तुम्ही राजापूरचे, मी अलिबागचा. हे मिटायचं नाही.

कातळफूल (गुरुवार, सकाळी १०.१०)

नका मिटवू. पडाव, तिथे दोन ठिपक्याठिपक्यांचे बाण काढा, दोन रंगांत, प्रत्येकाच्या शेजारी एक ओळ. जाड बाण म्हणजे खात्रीचा, ठिपक्यांचा म्हणजे मतभेद, असं कोपऱ्यात लिहा. फक्त एक करा, दोन्ही सारख्याच जाडीचे ठेवा. रंगारी ज्या बाजूचा असतो तो बाण नकळत जाड होतो, अनुभव आहे.

पडाव (गुरुवार, रात्री ९.५०)

तसंच करतो. म्हणजे एकूण अकरा. रविवारी चुना सुकला की पेन्सिलने आखायला घेतो. शेवटच्या चौकटीत "विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती, तुळाजींची जहाजं जळाली" एवढंच. भिंतीच्या उजव्या कडेला वीतभर जागा मोकळी सोडलीय आणि तिथे फक्त "धुळप, १७८३" लिहून त्याला एकही बाण दिलेला नाही. मुलं विचारतील.

दर्यावर्दी_हर्णै (गुरुवार, रात्री १०.२०)

एकच. पावसाळ्याचा राखाडी पट्टा एक जूनला सुरू करू नको. पुस्तकातला पावसाळा जूनला लागतो, पण तुझ्या कथेत जहाजं थांबली ती पावसाने नाही, वाऱ्याने आणि लाटेने. मेच्या सुरुवातीपासून रंग फिकट लाव, जूनपासून गडद कर, आणि नारळी पौर्णिमा झाली तरी एकदम पांढरा नको करू, हळूहळू सोड. नाहीतर कुणीतरी आमच्यातला येऊन भिंतीसमोर उभा राहील आणि विचारेल, मे महिना अख्खा मोकळा होता तर हे बसून काय राहिले होते?